मेंटेनन्स टीमचे वार्षिक उद्दिष्टपत्र: आधी व्याख्या, मग आकडा आणि आढाव्याला निर्णयाची तारीख

प्रश्न: "वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मी जानेवारीपासून मेंटेनन्स विभागाचा प्रमुख आहे. टीम चौदा जणांची, सीएनसी यंत्रे अठरा, पाळ्या दोन. प्लांट हेडनी एप्रिल ते मार्चचे टीमचे उद्दिष्टपत्र मागितले आहे आणि ब्रेकडाउन निम्मे झाले पाहिजेत असे तोंडी सांगितले आहे. मागच्या वर्षीच्या पत्रात तेवीस उद्दिष्टे होती, मे महिन्यानंतर ते कोणी उघडलेच नाही. उद्दिष्टे किती ठेवावीत, मोजमाप कोणते घ्यावे आणि आढावा किती दिवसांनी घ्यावा?"

उत्तर:

तेवीस ही संख्या नक्कीच जास्त आहे, पण ते पत्र मे महिन्यानंतर न उघडले जाण्याचे खरे कारण वेगळे असावे असे मला वाटते. मशीन शॉपमध्ये एखादा कागद पुन्हा पुन्हा उघडला जातो, कारण त्याच्यावाचून इंडेंट मंजूर होत नाही, शटडाउन मिळत नाही किंवा दुसऱ्या पाळीला माणूस मिळत नाही. ज्या कागदावर कोणताही निर्णय अडलेला नसतो, तो सही झाल्यावर फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. तुमच्या पत्रात तीन उद्दिष्टे पुरेत, पण प्रत्येकाची व्याख्या वादातीत असली पाहिजे, आकडा कुठून आला हे दिसले पाहिजे आणि आढाव्याच्या प्रत्येक तारखेसमोर त्या दिवशी कोणता निर्णय घ्यायचा हे लिहिलेले असले पाहिजे.

माझा अनुभव सुट्या यंत्रांच्या मशीन शॉपचा आहे, हे आधीच सांगितलेले बरे. रासायनिक कारखान्यासारख्या सलग चालणाऱ्या प्लांटमध्ये बहुतेक मोठी कामे ठरलेल्या शटडाउनभोवती फिरतात, त्यामुळे तिथे आढाव्याचे वेळापत्रक वेगळे लागेल. तसेच तुमच्याकडे टीमचे पत्र वैयक्तिक अप्रेझलला जोडलेले आहे की नाही, यावरही बरेच अवलंबून आहे. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे. खाली जे आकडे घेतले आहेत, ते तुमच्याएवढ्याच शॉपचे कल्पून घेतलेले उदाहरण आहे. तुमच्या रजिस्टरमधून तुमचे आकडे काढून त्यांच्या जागी घाला.

सुरुवात व्याख्येपासून करा. "ब्रेकडाउन कमी करणे" असे लिहिले की काय कमी करायचे हे प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवलेले असते. प्रॉडक्शनचा सुपरवायझर यंत्र थांबल्यापासून वेळ धरतो, तुमचा फिटर ब्रेकडाउन स्लिप हातात आल्यापासून धरतो. प्रॉडक्शनच्या दृष्टीने पहिला चांगला जॉब निघेपर्यंत यंत्र बंदच असते, तर मेंटेनन्सच्या दृष्टीने दुरुस्ती संपून कव्हर लागले की काम झालेले असते. त्यामुळे एकाच महिन्याचे तास प्रॉडक्शनच्या नोंदीत ६३ आणि तुमच्या नोंदीत ४४ निघू शकतात, आणि दोघेही खोटे बोलत नसतात. असा फरक राहिला तर वर्षातला प्रत्येक आढावा कोणाचा आकडा बरोबर या वादात संपतो.

माझी शिफारस अशी की यंत्र थांबल्याच्या क्षणापासून पहिला चांगला जॉब निघेपर्यंतचा सगळा वेळ धरावा आणि १० मिनिटांपेक्षा जास्त चाललेला प्रत्येक थांबा मोजावा. स्पेअरची वाट पाहण्यात गेलेला वेळही त्यात येऊ द्यावा. टूल बदलणे, सेटिंग आणि महावितरणची वीज गेल्याने झालेला थांबा वगळावा. मात्र वीज परत आल्यावर यंत्र सुरूच झाले नाही, ड्राइव्हने अलार्म दिला, तर वीज आल्याच्या मिनिटापासून तो ब्रेकडाउन धरावा. शेवटचे वाक्य बारीक वाटेल, पण पावसाळ्यात सर्वांत जास्त वाद याच ठिकाणी होतात, म्हणून ते लिहून ठेवलेच पाहिजे.

स्पेअरचा वेळ मोजायला तुमच्याच टीमचा विरोध होईल, कारण स्पेअर आणणे स्टोअर आणि परचेस यांच्या हातात असते. विरोध समजण्यासारखा आहे. पण तो वेळ वगळला की तो कोणाच्याच पत्रात राहत नाही आणि वर्षभर तसाच वाढत जातो. त्यापेक्षा एकूण तास मोजावेत, स्लिपवर "स्पेअरसाठी थांबलेला वेळ" असा वेगळा रकाना ठेवावा आणि उद्दिष्टपत्रात त्या भागासमोर स्टोअरच्या प्रमुखाचे नाव त्यांच्या संमतीने लिहावे. संमती मिळाली नाही तर तसेही प्लांट हेडसमोर एप्रिलमध्येच कळते, पुढच्या मार्चमध्ये नव्हे.

व्याख्या ठरली की मागच्या बारा महिन्यांच्या स्लिपा त्याच व्याख्येने पुन्हा मोजाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि दोन-तीन दिवस खाते, पण ते टाळून लावलेले कोणतेही लक्ष्य अंदाजच असते. समजा, एप्रिलपासून मार्चपर्यंत महिन्यांचे तास अनुक्रमे ५८, ६३, ८४, ९१, ७२, ५५, ४९, ६६, ५२, ५७, ६१ आणि ४८ निघाले. बेरीज ७५६, सरासरी महिन्याला ६३. आठ तासांची पाळी आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर अठरा यंत्रांचे उपलब्ध तास महिन्याला ७,४८८ होतात, म्हणजे ब्रेकडाउनचे प्रमाण सुमारे ०.८४ टक्के. पत्रात तास आणि टक्के दोन्ही लिहा. ऑगस्टमध्ये तिसरी पाळी सुरू झाली तर तास वाढणारच. त्या वेळी टक्केवारीच खरी तुलना देईल.

आता या आकड्यांकडे थोडा वेळ बघा. जून, जुलै आणि ऑगस्टची सरासरी ८२ आहे, उरलेल्या नऊ महिन्यांची साधारण ५७. म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत एरवीपेक्षा अंदाजे ७७ तास जादा गेले. हे बहुधा पॅनेलमधली दमट हवा, बंद पडलेला पॅनेल एसी, केबल ग्लँडमधून शिरलेले पाणी आणि विजेचे झटके यांमुळे असते. स्लिपांवरची कारणे पाहून खात्री करून घ्या. त्याच स्लिपांमधून आणखी दोन बेरजा काढा. स्पेअरसाठी थांबलेले तास समजा १९० आहेत. एकाच यंत्रावर एकच बिघाड ३० दिवसांच्या आत पुन्हा झाला अशा प्रसंगांचे तास समजा १२० आहेत. या दोन्हींत काही स्लिपा सामाईक असतील, ते लक्षात ठेवा.

लक्ष्याचा आकडा या बेरजांमधून वर येतो. चार सर्वांत त्रासदायक यंत्रांसाठी बारा स्पेअर कायम साठ्यात ठेवले तर १९० पैकी ९० तास वाचतील असा अंदाज धरू. सगळ्या पॅनेलचे सील, ग्लँड आणि एसी ३१ मेपूर्वी दुरुस्त केले तर पावसाच्या ७७ पैकी ४५ वाचतील. पुन्हा होणाऱ्या बिघाडांचे मूळ कारण शोधण्याची शिस्त लावली तर १२० पैकी ५० वाचतील. बेरीज १८५, त्यातून सामाईक भागापोटी २० वजा केले की १६५ उरतात. ७५६ मधून ते गेले की राहतात ५९१, म्हणजे वर्षाचे लक्ष्य ५९० तास, ०.६६ टक्के. घट साधारण २२ टक्क्यांची आहे. प्रत्येक अंदाज चुकू शकतो, पण तो कोणत्या कामावर उभा आहे हे दिसत असल्यामुळे जुलैमध्ये कोणता अंदाज चुकला तेही दिसेल.

यानंतर प्लांट हेडच्या "निम्मे" या अपेक्षेविषयी बोलता येते. निम्मे म्हणजे ३७८ तास, आणि तुमच्या हिशेबातून ५९० निघतात. मधल्या २१२ तासांविषयी "जमणार नाही" असे म्हणू नका, ते कुठे अडकले आहेत ते दाखवा. समजा दोन जुन्या यंत्रांवर मिळून वर्षाला २३० तास जातात आणि त्यांचे पूर्ण ओव्हरहॉल केले तर त्यातले निम्मे, म्हणजे वर्षाला ११५ वाचतील. पण ओव्हरहॉलला यंत्र आठ-दहा दिवस मोकळे लागते, ते दिवाळीच्या सुट्टीलाच मिळते, आणि मग वर्षाचे साडेचार महिनेच उरतात. त्या काळात ४० ते ४५ तासांचाच फायदा होईल. म्हणून पत्रात दोन ओळी लिहा: सध्याच्या बजेटमध्ये ५९०, ओव्हरहॉलचा खर्च १० जुलैपर्यंत मंजूर होऊन काम दिवाळीत झाले तर ५५०, आणि पूर्ण फायदा पुढच्या वर्षी. माझ्या अनुभवात वरिष्ठांना लहान आकडा एवढा खटकत नाही, खटकते ती त्यामागची अस्पष्टता. खर्च, तारीख आणि तास एका ओळीत दिसले की चर्चा पैशाकडे वळते, आणि ती तिकडेच वळायला हवी.

कोणते मोजमाप घेऊ नये, हेही सांगतो. अनेक पत्रांत एमटीटीआर, म्हणजे दर बिघाडामागे लागणारा सरासरी दुरुस्तीचा वेळ, हे मुख्य मोजमाप असते. त्याचा एक धोका आहे. समजा महिन्यात २० बिघाड आणि ६० तास होते, म्हणजे सरासरी ३ तास. टीमने चांगले काम करून अर्ध्या अर्ध्या तासाचे आठ किरकोळ बिघाड मुळातूनच बंद केले. आता १२ बिघाड आणि ५६ तास राहिले, पण सरासरी ४.७ तासांवर गेली. शॉप सुधारले आणि मोजमाप बिघडले. उलट बाजूने, कोणी एक लांब थांबा दोन स्लिपांत लिहिला की सरासरी लगेच सुंदर दिसते. एमटीटीआर तुम्ही स्वतःसाठी जरूर काढा, आणि तोही पोचणे, निदान, स्पेअर, दुरुस्ती व ट्रायल असा तोडून काढा. वेळ नेमका कुठे जातो हे त्यातून कळते. पण सहीच्या कागदावर एकूण तास असू द्या.

दुसरे उद्दिष्ट प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचे असावे, आणि इथे जरा थांबून विचार करायला हवा, कारण जवळजवळ प्रत्येक कारखान्यात हे मोजमाप फसवे असते. "पीएम वेळापत्रकाचे पालन ९५ टक्के" असे लिहिले की ९५ टक्के होते, कारण चेकलिस्टवर टिक मारायला यंत्रापाशी जावे लागत नाही. कागदी पीएम ओळखणे अवघड नसते. एकाच पाळीत पाच यंत्रांच्या चेकलिस्ट एकाच हस्ताक्षरात भरलेल्या असतात, त्यांवर सुरू आणि संपल्याची वेळ नसते, आणि वर्षभराच्या कागदांवर शेऱ्याच्या रकान्यात एकही दोष नोंदलेला नसतो. दहा-बारा वर्षे चाललेल्या यंत्राची बारा महिने तपासणी करूनही एकही सैल बेल्ट, एकही गळती सापडली नाही असे होत नाही.

म्हणून पालनाची टक्केवारी एवढेच मोजमाप ठेवू नका. तिच्याबरोबर आणखी एक आकडा ठेवा: पीएममध्ये तपासलेला भाग त्यानंतर ३० दिवसांच्या आत बंद पडला असे किती वेळा झाले. पालन वाढले आणि हा आकडा तसाच राहिला, तर पीएम कागदावर होत आहे किंवा चेकलिस्टमध्ये चुकीच्या गोष्टी तपासल्या जात आहेत. दोन्ही शक्यता तुम्हाला कळल्या पाहिजेत. शिवाय पहिल्या तिमाहीचे काम म्हणून चेकलिस्टमधल्या टिकांच्या जागी शक्य तिथे रीडिंग आणा: हायड्रॉलिकचा दाब किती बार, पॅनेलच्या आतले तापमान किती, स्पिंडलचे कंपन सेकंदाला किती मिलिमीटर. रीडिंगही खोटे लिहिता येते, पण सलग पाच महिने तोच दाब दशांशासह लिहिलेला दिसला की ते आपोआप उघडे पडते. दर महिन्याला दोन चेकलिस्ट उचलून तुम्ही स्वतः यंत्रावर रीडिंग घेऊन बघा, आणि हेही पत्रात लिहा, म्हणजे ती अचानक धाड वाटणार नाही.

तिसरे उद्दिष्ट दुसऱ्या पाळीचे असावे असे मी सुचवतो, कारण चौदा जणांच्या टीममध्ये ड्राइव्हचे अलार्म वाचून निदान करू शकणारे सहसा दोघे-तिघेच असतात आणि ते सगळे पहिल्या पाळीत असतात. रात्रीचा बिघाड मग सकाळपर्यंत थांबतो. ठरवलेल्या दहा अलार्मपैकी किमान आठांचे निदान दुसऱ्या पाळीतल्या तिघांना स्वतंत्रपणे करता येणे हे उद्दिष्ट, आणि सकाळपर्यंत थांबवून ठेवलेल्या बिघाडांची संख्या हे मोजमाप, एवढे पुरे.

सुरक्षा, ओव्हरटाइम आणि स्पेअरचा साठा यांची वेगळी उद्दिष्टे करू नका. त्यांना मर्यादा म्हणून पत्राच्या शेवटी लिहा: ब्रेकडाउन कमी करताना दुरुस्तीआधी वीज तोडून कुलूप लावण्याचा, म्हणजे लॉकआउटचा नियम एकदाही मोडला जाणार नाही, ओव्हरटाइम मागच्या वर्षीपेक्षा वाढणार नाही, साठ्याची किंमत मंजूर बारा स्पेअरच्या पलीकडे जाणार नाही. या ओळी नसतील तर तास कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे माणसांना रात्री थांबवणे आणि स्टोअर भरून ठेवणे, आणि घाईत कोणीतरी वीज न तोडता पॅनेलमध्ये हात घालण्याची भीती आहेच.

पहिले उद्दिष्ट कागदावर कसे दिसावे, त्याचा नमुना देतो:

> उद्दिष्ट १. अठरा सीएनसी यंत्रांचे ब्रेकडाउन तास ७५६ वरून ५९० पर्यंत आणणे (उपलब्ध तासांच्या ०.८४ वरून ०.६६ टक्के). व्याख्या: यंत्र थांबल्यापासून पहिल्या चांगल्या जॉबपर्यंत, १० मिनिटांपेक्षा मोठे थांबे; वगळलेल्या बाबी जोडपत्रात. नोंद: ब्रेकडाउन स्लिप, सुरुवातीच्या वेळेवर प्रॉडक्शनची सही, शेवटच्या वेळेवर दोघांची. तिमाही लक्ष्य: १८५, १६५, १२५, ११५. कामे: पॅनेल दुरुस्ती ३१ मेपूर्वी (इलेक्ट्रिकल सुपरवायझर), बारा स्पेअरचे इंडेंट १५ एप्रिलपूर्वी (मेंटेनन्स प्रमुख), साठ्यात ३० जूनपूर्वी (स्टोअर प्रमुख), पुन्हा झालेल्या प्रत्येक बिघाडाचा कारणशोध सात दिवसांत (पाळी प्रमुख). गृहीतक: दोन पाळ्या, अठरा यंत्रे.

यातल्या तिमाही लक्ष्यांकडे विशेष लक्ष द्या. ५९० ला चाराने भागून प्रत्येक तिमाहीला १४७ लिहिणे सोपे आहे आणि बहुतेक पत्रांत तसेच केलेले असते. पण मागच्या वर्षी तिमाहीचे तास २०५, २१८, १६७ आणि १६६ असे होते. पहिल्या तिमाहीत जून येतो, आणि साठ्यातले स्पेअर तोपर्यंत आलेलेही नसतात. सगळी कामे वेळेत झाली तरी पहिल्या तिमाहीला साधारण १८५ तासच होणार. समान भागाच्या हिशेबात तुम्ही जुलैच्या आढाव्यात नापास दिसाल, टीम खचेल, आणि जानेवारीच्या आढाव्यात ऋतूमुळे आपोआप पास दिसाल. दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरतील.

आढाव्याच्या तारखाही याच तर्काने ठरवाव्यात. दर तिमाहीच्या शेवटी आढावा ही कॅलेंडरची सोय आहे. तुमच्या कामाला ज्या दिवशी निर्णय बदलून परिणाम बदलू शकतो, ती खरी आढाव्याची तारीख असते. तुमच्या बाबतीत मी चार तारखा ठेवीन. पहिली १० मे. प्रश्न एकच: पॅनेलचे काम पाऊस सुरू होण्याआधी संपते आहे का. निम्म्यापेक्षा कमी पॅनेल झाले असतील तर त्याच दिवशी बाहेरचा कंत्राटदार लावण्याचा निर्णय. हीच गोष्ट ३० जूनला कळून उपयोग नाही, तेव्हा पाणी आत शिरलेले असते.

दुसरी १० जुलै, आणि ही वर्षातली सर्वांत महत्त्वाची. दिवाळी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा नोव्हेंबरमध्ये येते, आणि स्पिंडलचे बेअरिंग, बॉल स्क्रू किंवा सर्व्हो ड्राइव्ह यांसारखा बाहेरून येणारा माल मिळायला आठ ते बारा आठवडे सहज लागतात. परचेसची प्रक्रिया धरली तर दिवाळीच्या ओव्हरहॉलसाठी जुलैच्या मध्यानंतर दिलेली ऑर्डर वेळेत येईलच असे नाही. म्हणून या दिवशी दोन यंत्रांचे ओव्हरहॉल मंजूर की रद्द हे ठरते, आणि त्यानुसार लक्ष्य ५५० की ५९० हेही ठरते. त्याच बैठकीत बारा स्पेअरपैकी किती साठ्यात आले तेही पाहावे. तिसरी तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात: पावसाळ्याचे तीन महिने मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पॅनेलच्या कामाचा अंदाज खरा ठरला का ते बघायचे, दिवाळीच्या कामाची तयारी तपासायची आणि पुढच्या वर्षाच्या बजेटची मागणी त्यावरून काढायची. चौथी फेब्रुवारीच्या मध्यात, कारण मार्चमध्ये उत्पादनाच्या दबावाखाली कोणी शांतपणे विचार करणार नाही आणि पुढच्या पत्राची व्याख्या व पाया तेव्हाच तयार हवा.

याशिवाय महिन्याला अर्ध्या तासाची बैठक असावी, पण ती फक्त आकडा आणि अडलेली कामे पाहण्यासाठी. महिन्याच्या आकड्यावर लगेच कारणे मागू नका. वरच्या बारा आकड्यांत लागोपाठच्या महिन्यांमधला फरक सरासरी ११.६ तासांचा आहे. गुणवत्ता विभागात वापरतात त्या साध्या रीतीने त्याला २.६६ ने गुणले की ३१ येतात. म्हणजे सरासरी ६३ च्या भोवती ३२ ते ९४ या पट्ट्यात आकडा इकडेतिकडे होणे हे या शॉपचे नेहमीचे वागणे आहे. नोव्हेंबरचे ६६ आणि डिसेंबरचे ५२ यांतल्या फरकाला वेगळे कारण असेलच असे नाही, आणि ते मागितले तर माणसे काहीतरी कारण बनवून देतात. पट्टा ओलांडला, किंवा सलग तीन महिने मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा आकडा वर राहिला, तर मात्र त्याच आठवड्यात बसून शोधा.

वर्षाच्या मध्ये काय बदलता येईल हे एप्रिलमध्येच लिहून ठेवा. व्याख्या बदलता येणार नाही. लक्ष्य बदलेल ते फक्त लिहिलेले गृहीतक बदलले तरच, उदाहरणार्थ तिसरी पाळी सुरू झाली, चार नवी यंत्रे आली किंवा ओव्हरहॉल मंजूर झाले. कामे मात्र कधीही बदलता येतील, कारण अंदाज चुकला हे कळल्यावरही तेच काम करत राहण्यात अर्थ नाही. बदल करताना जुना आकडा खोडून शेजारी नवा, तारीख आणि कारण लिहा. जुनी आवृत्ती काढून नवी लावू नका. मार्चमध्ये त्या खोडलेल्या ओळीच सर्वांत उपयोगी पडतात.

आता अप्रेझलचा प्रश्न. तुमचा एचआर विभाग बहुधा सांगेल की टीमचे ५९० तास प्रत्येकाच्या केआरएमध्ये उतरवा. शक्य असेल तिथवर हे टाळा. फिटरची पगारवाढ ब्रेकडाउनच्या तासांवर अवलंबून असेल तर स्लिप उशिरा लिहिली जाईल, नऊ मिनिटांचे थांबे वाढतील आणि प्रॉडक्शनशी सुरुवातीच्या वेळेवरून रोज घासाघीस होईल. तुमचे मोजमापच भ्रष्ट होईल, आणि एकदा ते झाले की सुधारणा मोजण्याचे साधन उरत नाही. नऊ मिनिटांचे थांबे खरोखर वाढत आहेत का, हे यंत्राच्या कंट्रोलरमधली अलार्म हिस्टरी आणि स्लिपा यांची महिन्यातून एकदा तुलना करून कळते. वैयक्तिक पत्रात त्या माणसाच्या हातातले काम लिहा: पॅनेल ३१ मेपूर्वी, कारणशोध सात दिवसांत, दुसऱ्या पाळीतल्या अमुक माणसाला आठ अलार्म शिकवणे. कामगार संघटनेशी करार असेल तर कायम कामगारांचा इन्सेन्टिव्ह त्या कराराने ठरतो, त्यात या पत्राने ढवळाढवळ करू नये. एचआर ऐकत नसेल, तर निदान टीमच्या आकड्याला वैयक्तिक गुणांत थोडेच वजन असावे आणि ते तुमच्यासह सर्वांना सारखे असावे, एवढे मागून घ्या.

काही कंपन्यांत याच जागी ओकेआर, म्हणजे उद्दिष्ट आणि त्याखाली मोजता येणारे निकाल लिहिण्याची पद्धत आणतात. ती इंटेलमध्ये १९७० च्या दशकात अँडी ग्रोव्ह यांनी रुजवली आणि १९९९ मध्ये गूगलमध्ये गेली. त्या परंपरेत महत्त्वाकांक्षी लक्ष्याचा ७० टक्के भाग गाठला तरी चांगले मानतात. तुमच्या प्लांट हेडचे "निम्मे" हे त्या अर्थाने असेल तर ते स्पष्ट विचारून घ्या. गाठायचेच असे ५९० आणि ताणून पाहायचे असे ३७८ एकाच रकान्यात, कोणताही फरक न सांगता लिहिले तर वर्षाअखेरीस एकाला ते वचन वाटेल आणि दुसऱ्याला इच्छा. ढाचा कोणताही घ्या, पण प्रत्येक आकड्यासमोर तो यांपैकी कोणता आहे हे लिहा.

एप्रिल जवळ आला आहे, म्हणून कामाचा क्रम सांगतो. पहिल्या आठवड्यात प्रॉडक्शन प्रमुखाबरोबर बसून व्याख्येवर दोघांच्या सह्या घ्या, आकडा तेव्हा मनातही आणू नका. दुसऱ्या आठवड्यात दोन सुपरवायझरना घेऊन बारा महिन्यांच्या स्लिपा मोजा. जुन्या स्लिपांवर पहिल्या चांगल्या जॉबची वेळ नसेलच, तेव्हा प्रॉडक्शनच्या तासवार नोंदीतून ती काढा, आणि ज्या महिन्यांची नोंद मिळत नाही ते "अंदाजे" म्हणून पत्रात दाखवा. पाया असा कच्चा निघाला तर पहिल्या तिमाहीसाठी लक्ष्य न लिहिता "नव्या व्याख्येने मोजणी" एवढेच लिहा आणि वर्षाचा आकडा १० जुलैच्या बैठकीत निश्चित करण्याची परवानगी प्लांट हेडकडून आधीच घ्या. पॅनेलचे काम आणि बारा स्पेअरचे इंडेंट मात्र त्यासाठी थांबवू नका, ती दोन्ही आकडा ठरण्याआधीच सुरू व्हायला हवीत.